पुढच्या सीटसमोरचा ‘PASSENGER AIR BAG OFF’ दिवा: सीटला वजन नेमके कसे कळते, आणि बाळाची सीट पुढे लावावी का?

औंधकर_निशिकांत (रविवार, रात्री ९.४०)

गेल्या दिवाळीत आम्ही एक वापरलेली, महागड्या गटातली सेडान घेतली. तिच्या डॅशबोर्डवर मधोमध पिवळट रंगाचा एक छोटा दिवा आहे आणि त्यावर PASSENGER AIR BAG OFF असे लिहिलेले आहे. तो बंद-चालू करायला कुठेही बटण किंवा किल्ली घालायची जागा सापडली नाही, तेव्हा सीटवर कोण बसले आहे ते पाहून गाडी स्वतःच ठरवत असावी, असे मी धरून चाललो आहे. माझ्या शंका दोन आहेत आणि मला त्या एकमेकींच्या उलट वाटतात.

पहिली शंका अशी की पत्नी (वजन ४४ किलो) पुढे बसली की हा दिवा बहुतेक वेळा पेटलेलाच राहतो. मांडीवर ऑफिसची बॅग असली की मात्र विझतो. दुसरी शंका आमच्या सात महिन्यांच्या मुलीच्या, मागे तोंड करून बसवायच्या सीटबद्दल आहे. पत्नीला आठवड्यातून दोनदा तिला घेऊन एकटीने औंधहून बिबवेवाडीला माहेरी जावे लागते. विद्यापीठ चौकात सिग्नलला मागून रडण्याचा आवाज यायला लागला की तिचे लक्ष रस्त्यावरून उडते, म्हणून सीट शेजारी लावायचा विचार आहे. पुढे लावून पाहिली तेव्हा दिवा पेटलेला राहिला. एअरबॅग बंद आहे, म्हणजे पुढे लावायला हरकत नाही, असे समजावे का?

तुळशीबागेतला (रविवार, रात्री १०.१५)

हरकत नाही. सीटच्या गादीखाली दाबाची एक चटई असते. सीटवर भाजीची पिशवी ठेवली की बेल्ट लावा म्हणून गाडी ओरडते ना, तीच ती. साधारण तीस किलोच्या खाली भार असला की एअरबॅग बंद आणि वर गेला की चालू, इतका सोपा हिशेब आहे. बाळ आणि सीट मिळून तीस किलो कशाला होतील? वहिनींच्या वजनाचे म्हणाल तर त्या काठावर आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

गादीकाम (रविवार, रात्री ११.०५)

मी चाकण भागात मोटारींच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात चौदा वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वरच्या उत्तरातला शेवटचा भाग बरोबर आहे आणि पहिला भाग धोकादायक आहे.

भाजीच्या पिशवीवर ओरडणारी चटई आणि एअरबॅगचा निर्णय घेणारा सेन्सर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालक आणि शेजारचा प्रवासी या दोघांसाठी बेल्टची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची झाली, त्यामुळे ती चटई आता साध्यातल्या साध्या गाडीतही असते. तिला फक्त ‘कोणीतरी आहे’ इतकेच कळते. ते कोणीतरी सात वर्षांचे आहे की सत्तर वर्षांचे, याच्याशी तिला देणेघेणे नसते आणि एअरबॅगशी तर नसतेच. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत पुढची एअरबॅग एकतर किल्लीने बंद करता येते किंवा बंद करताच येत नाही. निशिकांत यांच्या गाडीसारखी स्वतः निर्णय घेणारी यंत्रणा महागड्या गाड्यांत भेटते.

ही यंत्रणा रुजली ती अमेरिकेतल्या नियमामुळे. तिथे १९९० च्या दशकात कमी वेगाच्या धडकांतही एअरबॅगच्याच तडाख्याने पुढे बसलेली लहान मुले दगावली, आणि मग २००० साली एअरबॅगचा नियम बदलला. तो पाळण्याचा एक मार्ग म्हणजे एक वर्षाच्या, तीन वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या मुलाएवढा पुतळा सीटवर असेल तर एअरबॅग आपोआप बंद राहणे. त्याच वेळी ठेंगण्या बाईएवढा, सुमारे ४९ किलोचा पुतळा बसला तर ती चालू झालीच पाहिजे. सहा वर्षांच्या मुलाचा पुतळा सुमारे २३ किलोचा असतो. मधल्या पट्ट्यात रेघ कुठे ओढायची ते कंपनी ठरवते. म्हणून ‘तीस किलो’ असा सगळ्या गाड्यांना लागू होणारा आकडा नाही. वहिनींचे ४४ किलो या मधल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला येतात, तेव्हा तुमच्या गाडीत बिघाड आहे असे लगेच म्हणता येत नाही.

मुख्य गोष्ट अशी की सीटला माणसाचे वजन कळतच नाही. अनेक गाड्यांत गादीच्या फोमखाली सिलिकॉन जेलने भरलेली चपटी पिशवी असते आणि तिच्या नळीच्या टोकाला दाब मोजणारा सेन्सर असतो. त्या पिशवीपर्यंत जेवढा भार पोहोचतो तेवढाच तिला कळतो. पायांचा भार जमिनीवर जातो, थोडा पाठीवर जातो, आणि दाराला कोपर टेकवले तर थोडा दारावरही जातो. नीट बसलेल्या माणसाचा साधारण तीन चतुर्थांश भार गादीवर येतो असे धरा. मग ४४ किलोच्या वहिनी पिशवीला ३३ किलोच्या वाटतात.

आता समोरची बाजू पाहा. चार वर्षांचे १६ किलोचे मूल, त्याची ८ किलोची सीट, मिळून झाले २४. बाळाची सीट नीट बसवायची म्हणजे वर गुडघा टेकून बेल्ट करकचून ओढायचा. त्या ताणाने सीट गादीत रुतते आणि आणखी दहा-बारा किलोंचा दाब सहज पडतो. बेरीज ३६ वर गेली. म्हणजे पिशवीच्या लेखी ते मूल वहिनींपेक्षा जड आहे. नुसत्या वजनावर निर्णय सोडला तर मुलापुढची एअरबॅग चालू राहील आणि वहिनींपुढची बंद.

यासाठीच अशा गाड्यांत बेल्टच्या खालच्या टोकाशी ताण मोजणारा दुसरा सेन्सर असतो. मोठा माणूस बेल्ट सैलसर लावतो. दोरी बांधल्यासारखा ताण आणि गादीवर बेताचा भार असे दोन्ही एकत्र दिसले की यंत्रणा समजते की ही बाळाची सीट आहे. पण हा अंदाज आहे. बेल्ट ढिला बसवला की तो खुणेचा धागाच तुटतो.

म्हणून सात महिन्यांच्या बाळाची, मागे तोंड असलेली सीट दिवा पेटलेला असला तरी पुढे लावू नका. आपोआप चालणाऱ्या यंत्रणेच्या गाड्यांच्या पुस्तिकेतही बहुधा हेच लिहिलेले असते. त्या सीटची पाठ एअरबॅगच्या झाकणापासून वीतभर अंतरावर येते. एअरबॅग पूर्ण फुगून मऊ होण्याआधीच, म्हणजे तिचा जोर सर्वांत जास्त असताना, बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. सावलीच्या झडपेवर बाळाच्या चित्रावर काट मारलेले जे लेबल असते, ते या एका कारणासाठी असते.

शशीकला_सिंहगडरोड (सोमवार, सकाळी ७.२०)

गादीकाम, तुमचे लिहिणे वाचून एक विचारावेसे वाटले. आमच्या जावईबापूंच्या गाडीतही असाच दिवा आहे. मी नातवाला मांडीवर घेऊन पुढे बसते तेव्हा तो विझलेला असतो, पेटत नाही. म्हणजे आमच्याकडे सगळे ठीक आहे ना? नातू आठ किलोचा आहे आणि मी बेल्ट दोघांभोवती मिळून लावते, सैल सोडत नाही.

गादीकाम (सोमवार, सकाळी ८.०५)

शशीकलाताई, या दिव्याचा अर्थ उलटा आहे आणि तुमच्यासारखा घोटाळा अनेकांचा होतो. तो ‘बिघाड आहे’ असे सांगणारा दिवा नाही. तो विझलेला असतो तेव्हा तुमच्यासमोरची एअरबॅग चालू असते. तुमचे वजन आणि नातवाचे आठ किलो मिळून सीटला एक धडधाकट मोठा माणूस दिसतो, त्यामुळे ती बिनचूक चालू राहते. मांडीवर बाळ आहे हे ओळखणारा कोणताही वजनाचा सेन्सर नाही.

आणि कृपया बेल्ट दोघांभोवती लावू नका. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगात असताना सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर थांबताना प्रत्येक वस्तू सरासरी आपल्या वजनाच्या चौदापट जोराने पुढे जाते. आठ किलोचा नातू त्या क्षणी ११० किलोंहून जास्त भरतो. तो हातांनी धरता येत नाही, आणि बेल्ट दोघांभोवती असेल तर तुमचे सगळे वजन चौदापट होऊन त्याच्यावर पडते. मग पुढून एअरबॅग येते ती वेगळीच. नातवाला मागच्या सीटवर त्याच्या स्वतःच्या सीटमध्ये बसवा आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसा.

शशीकला_सिंहगडरोड (सोमवार, सकाळी ८.३०)

बापरे. मी तर दोघांभोवती बेल्ट लावते म्हणून स्वतःलाच शाबासकी देत होते. आज जावयांना सांगते. ते ऐकतील, मुलगी ऐकेल की नाही ते माहीत नाही.

कर्वेनगरचा_पाहुणा (सोमवार, दुपारी १.१०)

आमच्या गाडीत किल्लीचा प्रकार आहे. शेजारचे दार उघडले की डॅशबोर्डच्या कडेला गाडीची किल्ली घालून फिरवायची खाच दिसते. माझी बहीण तान्ह्याला घेऊन आली होती तेव्हा मी एअरबॅग बंद केली, आणि ती परत गेल्यावर चालू करायला विसरलो. पुढचे अडीच महिने माझे वडील रोज शेजारी बसून बँकेत आले. दिवा रोज डोळ्यांसमोर पेटलेला होता आणि घड्याळाच्या आकड्यांसारखा तो नजरेला सरावून गेला होता. सेन्सर निदान विसरत तरी नाही.

गादीकाम (सोमवार, दुपारी २.००)

तुमची तक्रार खरी आहे, पण किल्लीची एक जमेची बाजूही आहे. किल्ली फिरवली की एअरबॅग नक्की बंद असते, त्यात अंदाज नसतो. मागे सीटच नाही अशा गाडीत बाळ पुढेच न्यायची वेळ आली, तर मी किल्लीवाली गाडी निवडेन, सेन्सरवाली नाही.

तुळशीबागेतला (सोमवार, संध्याकाळी ६.४५)

चटईबाबत माझे चुकले, मान्य. पण पिशवीचे सगळीकडे खरे नाही. मी एका गॅरेजमध्ये सीट उघडलेली पाहिली आहे. तिच्यात पिशवी नव्हती. सीट ज्या चार बोल्टांवर रुळांना बसते तिथे चार वजनमापक होते. मग ‘पाठीवरचा भार मोजला जात नाही’ हे तिथे कसे लागू होईल?

गादीकाम (सोमवार, रात्री ९.२०)

तुमचा मुद्दा बरोबर आहे. चार कोपऱ्यांच्या पद्धतीत पाठही त्याच सांगाड्यावर उभी असल्यामुळे पाठीवरचा भारही मोजला जातो. फक्त जमिनीवरचे पाय आणि दारावरचे कोपर सुटते. पण तिचे दुखणे वेगळे आहे. मागे बसलेल्याने पुढच्या सीटखाली पाय कोंबून ती किंचित उचलली, किंवा सीट आणि मधल्या कन्सोलच्या फटीत छत्री, पाण्याची बाटली अडकली, की मोजमाप बिघडते. निशिकांत यांच्या गाडीत कोणती पद्धत आहे ते दुरुस्तीच्या पुस्तिकेवरून कळेल. सीटखाली हात घालून पिवळे जोड ओढून पाहू नका. ते एअरबॅगच्या वायरिंगचे असतात आणि चावी चालू असताना एखादा निघाला तर बिघाडाची नोंद होऊन एअरबॅगचा लाल दिवा लागतो.

निशिकांत, एक विचारतो. तुम्ही सीटला वेगळे कव्हर घातले आहे का?

औंधकर_निशिकांत (मंगळवार, रात्री १०.३०)

घातले आहे. गाडी घेतल्यावर लगेच नाना पेठेतल्या एका दुकानात जाड रेक्झिनचे, आत फोमचा थर असलेले कव्हर शिवून घेतले. कारागिराने ते ताणून बसवले आणि गादीखालून दोऱ्या घेऊन सांगाड्याला घट्ट बांधल्या.

आज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रयोग केले. आधी वीस लिटरचा पाण्याचा जार सीटवर ठेवून पाहिला, पण तो गादीच्या मधोमध रुतून बसतो आणि माणसासारखा पसरत नाही, म्हणून सोडून दिला. मग माणसे बसवली. मी ६८ किलोचा आहे. मी बसलो की दिवा दोन-तीन सेकंदांत विझतो. पत्नी सरळ बसली तर पेटलेला राहतो. तिने पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली की मात्र काही सेकंदांत विझतो! पाय खाली सोडले की थोड्या वेळाने पुन्हा पेटतो. शेजारच्या फ्लॅटमधला पंधरा वर्षांचा मुलगा ५२ किलोचा आहे. तो नीट बसला तरी दिवा पेटलेलाच राहिला. या शेवटच्या निकालाची मला काळजी वाटते.

गादीकाम (मंगळवार, रात्री ११.१५)

मांडी घालण्याचा प्रयोग फार बोलका आहे. जमिनीवर जाणारा पायांचा भार गादीवर आला, ३३ चा आकडा ४४ कडे सरकला आणि यंत्रणेचे मत बदलले. म्हणजे तुमच्याकडे बहुधा गादीत मोजणारीच पद्धत आहे. (वहिनींना गाडी चालू असताना तसे बसू देऊ नका. धडकेत बेल्टखालून घसरायला मांडीसारखी वाईट बैठक नाही.)

५२ किलोच्या मुलाचा निकाल मात्र बरोबर नाही. पिशवीला तो ३९ किलोंच्या आसपास दिसायला हवा होता. सुमारे ४९ किलोच्या पुतळ्यासाठी चालू होणाऱ्या यंत्रणेने त्याला मोठा माणूस मानायला हवे. माझा संशय कव्हरवर आहे. ताठ रेक्झिन ढोलाच्या कातडीसारखे काम करते. बसणाऱ्याचा भार मधल्या पिशवीवर जायच्या ऐवजी कडांवर आणि दोऱ्यांवरून सांगाड्यावर वाटला जातो. शिवाय बांधलेल्या दोऱ्या रिकामी सीटही दाबून धरतात, आणि तो दाब यंत्रणेने शून्य मानला असेल तर पुढचे प्रत्येक वजन तेवढ्याने कमी दिसते. कव्हर काढून त्याच माणसांना पुन्हा बसवा. एवढाच बदल करा, दुसरे काही हलवू नका.

कर्वेनगरचा_पाहुणा (बुधवार, सकाळी ९.००)

मग रेक्झिनचे कव्हर घालूच नये का? पावसाळ्यात ओले कपडे घेऊन बसणाऱ्यांचे काय करायचे?

गादीकाम (बुधवार, सकाळी ९.४०)

ज्या सीटमध्ये असा सेन्सर आहे, तिथे पुढच्या डाव्या सीटवर कव्हर नको. ओलाव्यासाठी पातळ टॉवेल टाका आणि उतरताना काढा. पाणी गादीत मुरू देणे तर अजिबातच नको, कारण काही गाड्यांत वजनाऐवजी शरीराचा विद्युत परिणाम मोजणारा सेन्सर असतो आणि ओल्या गादीने तो फसतो.

औंधकर_निशिकांत (शनिवार, रात्री ८.५०)

कव्हर काढायला दीड तास लागला, दोऱ्या कापाव्याच लागल्या. गाडी दोन वेळा चालू-बंद केली आणि मग प्रयोग केले. ५२ किलोचा मुलगा बसला की दिवा आता दर वेळी विझतो. पत्नी पाठ टेकून सरळ, पाय पुढे घेऊन बसली तर विझतो. दाराकडे कलून बसली किंवा सीट मागे पाडली तर अजूनही पेटतो, पण निदान कारण कळते आहे. पुढे बसल्यावर दिव्याकडे पाहायचे आणि तो पेटला असेल तर बैठक सुधारायची किंवा मागे बसायचे, असे आम्ही ठरवले आहे.

सर्व्हिस सेंटरमध्येही गेलो. त्यांनी संगणक जोडला, बिघाडाची नोंद निघाली नाही. तरीही त्यांचे म्हणणे असे की एवढे महिने कव्हर ताणून बांधल्यामुळे फोम दबला असेल, आणि फोम, पिशवी व सेन्सर कारखान्यात एकत्र जुळवलेले असल्यामुळे पूर्ण गादीच बदलावी लागेल. त्याचा आकडा ऐकून मी चहाही न घेता परत आलो. नुसते शून्य पुन्हा बसवून चालणार नाही का, असे विचारले तर ‘कंपनी परवानगी देत नाही’ म्हणाले.

गादीकाम (शनिवार, रात्री ९.३०)

तिन्ही भाग जुळवलेले असतात हे त्यांचे म्हणणे काही गाड्यांबाबत खरे आहे, आणि तिथे एकटी पिशवी सुटी विकतही नाहीत. पण दोन्ही मोठी माणसे बरोबर ओळखली जात असतील आणि नोंद स्वच्छ असेल तर मी आज गादी बदलणार नाही. रिकाम्या सीटचे शून्य स्कॅनरने तपासून आकडा लिहून द्या, एवढे त्यांच्याकडे मागा. आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्या ५२ किलोच्या मुलाला बसवून पाहा.

तुळशीबागेतला (शनिवार, रात्री १०.१०)

मुलाचे वजन या वयात तीन महिन्यांत पाच किलोंनी वाढेल, मग तुमची मोजपट्टीच बदलेल! मी मात्र सर्व्हिस सेंटरच्या बाजूचा आहे. एअरबॅगच्या बाबतीत ‘बहुधा ठीक’ मला पटत नाही.

औंधकर_निशिकांत (रविवार, सकाळी ११.२५)

गादीचा निर्णय अजून झालेला नाही. मुलीची सीट मात्र मागे, डाव्या बाजूला आयसोफिक्सला लावली आहे, मागे तोंड करूनच. मागच्या सीटच्या डोकेटेकूला न फुटणारा मोठा आरसा बांधला, त्यात पुढच्या आरशातून तिचा चेहरा दिसतो. काल पत्नी बिबवेवाडीला जाऊन आली. तिचे म्हणणे असे की चेहरा दिसला तरी तोंडातून पडलेली चोखणी उचलून देता येत नाही, आणि स्वारगेटजवळ तिला गाडी बाजूला घेऊन थांबावेच लागले. त्यावर अजून काही उपाय सापडलेला नाही.